पटलं, कबूल आहे आणि ठरलं

भोसरीत समजा एक छोटा कारखाना आहे. एका मोठ्या कंपनीला तो सुटे भाग पुरवतो आणि बिलाचे पैसे 30 दिवसांत मिळतात. एक दिवस कंपनीच्या खरेदी विभागाची मेल येते: यंदा आमची वसुली रखडली आहे, त्यामुळे यापुढे पैसे 60 दिवसांनी देऊ. कारखान्यातून सभ्यपणे उत्तर जातं, 'वुई अ‍ॅग्री टू युवर पॉइंट अबाउट सिक्स्टी डेज, बट प्लीज कन्सिडर अवर पोझिशन ऑल्सो.' लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की तुमची अडचण समजली, पण आमचंही बघा. खरेदी विभाग मात्र 'बट'पर्यंत वाचतो, 60 दिवस मान्य झाले असं धरतो आणि पुढची पर्चेस ऑर्डर तशीच काढतो.

घोळ 'टू'ने केला. आपल्याकडे मत असो, अट असो की दोघांनी मिळून काढलेला तोडगा, 'मान्य आहे' एवढं म्हटलं की भागतं, आणि तीच सवय इंग्रजी मेलमध्ये उतरते. पण बोलताना आपण हा फरक अगदी चोख करतो. समोरच्याचं म्हणणं पटतं, त्याची अट आपण कबूल करतो, आणि भाव दोघांत ठरतो. पटलं तर 'अ‍ॅग्री विथ', कबूल असेल तर 'अ‍ॅग्री टू', ठरलं तर 'अ‍ॅग्री ऑन'. मेल लिहिताना आधी मनात मराठी क्रियापद धरलं, की शब्द सहसा चुकत नाही.

'विथ'च्या पुढे माणूस येतो, किंवा त्याचं मत, निदान, विश्लेषण. त्यात आपण फक्त होकारार्थी मान हलवतो, हात बांधून घेत नाही. 'आय अ‍ॅग्री विथ युवर प्रपोजल' हेही चुकीचं इंग्रजी नाही. पण त्याचा अर्थ प्रस्ताव चांगला वाटतो इतकाच होतो, तो स्वीकारला असा होईलच असं नाही. वरिष्ठ खरोखर मंजुरी देत असतील तर त्यांनी 'टू' लिहावं, नाहीतर खालचे लोक वाट बघत बसतात.

'टू'ने माणूस बांधला जातो. त्याच्या पुढे प्रस्ताव, विनंती, अट किंवा एखादं काम येतं: 'वुई अ‍ॅग्री टू रिप्लेस द पार्ट्स.' इथे 'रिप्लेसिंग' नको. 'आय अ‍ॅग्री टू यू' तर कधीच नको. ('आय अ‍ॅम अ‍ॅग्री' हे आपल्या कचेऱ्यांतलं लाडकं वाक्य, त्यातला 'अ‍ॅम' काढून टाकावा.)

मेलवरच्या होकाराला कोर्ट मोजत नाही, असा एक गोड गैरसमज आहे. ट्रायमेक्स इंटरनॅशनल आणि वेदांत अ‍ॅल्युमिनियम यांच्यातला वाद बॉक्साइटच्या पुरवठ्याचा होता. प्रस्ताव मेलवर गेला होता, पाच जहाजांच्या खेपांचा सौदा पक्का असल्याचं उत्तरही मेलवरच आलं होतं. रीतसर करारावर सह्या झाल्या नव्हत्या. तरी करार झालाच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं.

'ऑन'ला दोन बाजू लागतात. म्हणून कर्ता बहुतेक वेळा अनेकवचनी असतो: वुई, बोथ टीम्स, द पार्टीज. एकट्याने 'आय अ‍ॅग्री ऑन द प्राइस' लिहिलं तर ते विचित्र वाटतं. 'आय अ‍ॅग्री विथ यू ऑन द प्राइस' मात्र चालतं, कारण तिथे 'ऑन' फक्त विषय सांगतो. ब्रिटिश मेलमध्ये 'वुई हॅव अ‍ॅग्रीड द टर्म्स' असं शब्दयोगीविना दिसेल, ती त्यांच्याकडची रूढ पद्धत आहे.

आता भोसरीचं उत्तर पुन्हा लिहू. 'वुई अ‍ॅग्री विथ यू दॅट कलेक्शन्स आर स्लो धिस इयर. वुई कॅनॉट, हाउएव्हर, अ‍ॅग्री टू सिक्स्टी डेज. कॅन वुई अ‍ॅग्री ऑन फॉर्टी-फाइव्ह?' पहिल्या वाक्यात अडचण पटली, दुसऱ्यात अट नाकारली, तिसऱ्यात बोलणीचं दार उघडं ठेवलं. 45 हा आकडा हवेतला नाही. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे द्यायला लेखी ठरवूनही 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही.

यानंतर दोघांचं फोनवर बोलणं होतं आणि कंपनीची मेल येते, 'अ‍ॅज अ‍ॅग्रीड ऑन द कॉल...' हा 'ऑन' फसवा आहे. तो फक्त फोनला जोडलेला आहे, पण 'अ‍ॅग्रीड' म्हणजे ठरलं असंच कागदावर राहतं. फोनवर नुसती चर्चा झाली असेल तर त्याच दिवशी उलट लिहावं: 'वुई डिस्कस्ड फॉर्टी-फाइव्ह डेज, बट हॅव नॉट येट अ‍ॅग्रीड ऑन इट.'