डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज

फक्त फोनवर चित्रीकरण करणाऱ्या गटाची एक अडचण मोठ्या कॅमेऱ्यावाल्यांना कधी येत नाही. ज्या फोनवर पटकथा आलेली असते, त्याच फोनने शॉट घ्यायचा असतो. कॅमेरा उघडला की पटकथा नजरेआड होते, आणि मग प्रत्येक जण आपल्या आठवणीवर काम करू लागतो. दोन रकान्यांचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश म्हणून टाकला, तर रकाने मोडतात आणि चित्र कुठलं, आवाज कुठला हेच कळत नाही. त्यामुळे अशा गटासाठीची पटकथा कागदावर छापावी, एकाने ती मोठ्याने वाचावी आणि फोन धरणाऱ्याने ऐकून शॉट घ्यावा. लिहिणाऱ्याने हे आधीच धरून चाललं, तर लिहिण्याची पद्धतच बदलते. प्रत्येक ओळ ऐकल्याबरोबर करता येईल अशी सूचना व्हावी लागते.

मूळ आराखडा साधा आहे. डाव्या रकान्यात पडद्यावर जे दिसणार ते, उजव्यात त्याच वेळी जे ऐकू येणार ते. एका ओळीत एकच शॉट, आणि प्रत्येक ओळीला क्रमांक. शॉट बदलला की नवी ओळ सुरू होते, निवेदनाचं वाक्य अर्धवट राहिलं तरी चालतं.

एक उदाहरण घेऊ. खरिपाच्या तोंडावर सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण कशी तपासावी, यावर गावातल्या तिघांना दोन फोन घेऊन दीड मिनिटाची फिल्म करायची आहे. चाचणी शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे: ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करायची, ती सावलीत ओलसर ठेवायची आणि आठवड्याने उगवलेले दाणे मोजायचे. पहिल्या खर्ड्यात डावीकडे बहुधा असं लिहिलेलं असतं: ‘शेतकरी घरच्या घरी बियाणे तपासतो.’ वाक्यात चूक काहीच नाही, पण त्याचा शॉट घेता येत नाही. त्यात आठवडाभराचं काम आणि किमान आठ शॉट दडलेले आहेत. फोन धरणारी मुलगी विचारणारच, ‘नेमकं काय घेऊ?’ तिला जे जे विचारावं लागतं, ते सगळं त्या ओळीतच असायला हवं होतं.

तेच काम नीट फोडलं की असं दिसतं:

| शॉट | चित्र | आवाज |
|---|---|---|
| ३ | फोन दाण्यांच्या बरोबर वर, सरळ खाली बघणारा. चौकटीत फक्त ओलं गोणपाट आणि दोन हात. हात दहा दाण्यांची एक रांग मांडतात. १० सेकंद. | निवेदन, नंतर भरायचं: ‘दहा-दहाच्या दहा रांगा, म्हणजे शंभर दाणे.’ |
| ४ | फोन कमरेच्या उंचीवर. शेतकरी काका बसलेले, डोक्यापासून गोणपाटापर्यंत दिसतात. गुंडाळी करतात. १२ सेकंद. | जागेचा आवाज. कोणी बोलायचं नाही. |
| ५ | काका तिथेच, छातीपासून वर. नजर फोनच्या शेजारी बसलेल्या विचारणाऱ्याकडे. | काका बोलतात. दुसरा फोन त्यांच्या मांडीजवळ, चौकटीबाहेर, आवाज घेतो. मुद्दा: मळणीत बियाणं कसं दुखावतं. |

‘क्लोज’, ‘मिड’ हे शब्द मी इथे मुद्दाम टाळले आहेत. नव्या गटात एकाचा क्लोज म्हणजे चेहरा असतो, तर दुसऱ्याचा कमरेपर्यंतचा माणूस. चौकटीत काय येणार आणि फोन कुठे असणार एवढं लिहिलं की वाद उरत नाही. झूमबद्दलही कागदाच्या वरच्या पट्टीत एकदा लिहून टाकावं: बोटांनी ताणून मोठं करायचं नाही, दोन पावलं पुढे जायचं. त्याच वरच्या पट्टीत फोन आडवा की उभा, १०८० की ४के आणि सेकंदाला किती फ्रेम हेही यावं. दोन फोनवर ही मांडणी वेगवेगळी राहिली, तर जुळवणीच्या वेळी त्रास होतो. खोलीत ट्यूबलाइटखाली शूटिंग असेल तर चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की ते सहसा जातात. फोनमध्ये ही सोय नसेल तर काकांना अंगणात बसवणं बरं.

खरा गोंधळ उजव्या रकान्यात होतो. तिथे नुसतं ‘दहा-दहाच्या दहा रांगा’ असं लिहिलं, तर हे काकांनी बोलायचं, मागून निवेदन येणार, की पडद्यावर अक्षरं झळकणार, हे कळत नाही. म्हणून प्रत्येक वेळी आधी आवाजाचा प्रकार लिहावा आणि मग मजकूर. ‘निवेदन, नंतर भरायचं’ असं असेल तर शॉट चालू असताना ‘हात थोडे डावीकडे’ असं बिनधास्त सांगता येतं. ‘जागेचा आवाज’ असेल तर सगळ्यांनी गप्प राहायचं. रकाना रिकामा मात्र कधीच ठेवू नये. रिकाम्या जागेचा अर्थ एक जण शांतता असा घेतो, दुसऱ्याला वाटतं लिहायचं राहिलं. आवाज नको असेल तर ‘आवाज नाही’ असंच लिहावं.

पाचव्या शॉटमध्ये काकांची वाक्यं लिहिलेली नाहीत, फक्त मुद्दा आहे. पाठ केलेलं बोलणं पडद्यावर लगेच ओळखू येतं. मळणीयंत्र जोरात फिरलं की सोयाबीनचं पातळ टरफल दुखावतं आणि उगवण घटते, हे ते स्वतःच्या शब्दांत जास्त चांगलं सांगतील. विचारणाऱ्याचा प्रश्न फिल्ममध्ये राहणार नाही, म्हणून ‘उत्तरातच विषयाचं नाव घ्या’ असं त्यांना आधी सांगावं लागतं. नाहीतर उत्तर ‘हो, त्यानंच होतं ते’ असं सुरू होतं आणि जुळवणीत निरुपयोगी ठरतं.

वेळेचा अंदाज बोलून बघितल्याशिवाय येत नाही. सावकाश मराठी निवेदनात सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात, म्हणजे तिसऱ्या ओळीतलं वाक्य चार-एक सेकंदांचं आहे. तरीही चित्र दहा सेकंदांचं मागितलं, कारण सुरुवातीला आणि शेवटी मोकळी जागा असल्याशिवाय शॉट कापता येत नाही.

बहुतेक फोनमध्ये फाइलला नाव मिळतं ते तारीख आणि वेळेचं, त्यावरून शॉट सापडत नाही. म्हणून वाचणाऱ्याने शॉट सुरू होताच ‘शॉट पाच, टेक दोन’ असं मोठ्याने म्हणावं आणि दोन्ही फोनसमोर एक टाळी वाजवावी. टाळीचा क्षण चित्रात दिसतो, आवाजात ऐकू येतो, आणि दोन्ही फाइली त्यावर जुळवता येतात. फोन विमान मोडवर टाकायला विसरू नये, कारण मध्येच आलेला कॉल रेकॉर्डिंग तोडू शकतो.

शूटिंग मात्र क्रमांकानुसार करायचं नसतं. ओळी जागेप्रमाणे लावून घ्याव्यात, क्रमांक तेच ठेवावेत आणि झालेल्या ओळीवर खूण करावी. अशी मांडणी करताना लक्षात येतं की शॉट ३ आणि ४ पहिल्या दिवसाचे आहेत, मोजणीचा शॉट ७ सातव्या दिवसाचा. एकाच दिवसात काम संपवायचं असेल तर एक गुंडाळी आठवडाभर आधी करून ठेवायला काकांना सांगावं लागेल. तेवढ्यासाठी ‘आधीची तयारी’ अशी ओळ सगळ्यात वर हवी, आणि दोन्ही गुंडाळ्यांचं गोणपाट एकाच रंगाचं असावं.

गुंडाळी उघडल्यावर किती दाणे उगवलेले असतील हे लिहिताना ठाऊक नसतं. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरायचं, कमी उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं. म्हणून निकाल सांगणाऱ्या शॉट ८ च्या दोन ओळी आधीच लिहून ठेवाव्यात, ८ अ आणि ८ आ, दोन्हीत आकड्याची जागा कोरी. मोजणी कॅमेऱ्यासमोर पूर्ण झाली की खरा आकडा भरायचा आणि लागू नसलेली ओळ तिथल्या तिथे खोडायची.