पुरंदर आधी की कोंढाणा?

चौथीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. त्यावरची कार्यपत्रिका शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटोच्या रूपात येते आणि संध्याकाळी घरोघरी कालरेषा भरण्याचं काम सुरू होतं. बहुतेक घरांत आई किंवा बाबा फोनवर सनावळी शोधतात, मूल ती चौकटीत उतरवतं आणि ‘कारण लिहा’ या ओळीपुढे ‘कारण ही घटना १६६५ मध्ये घडली’ असं लिहून वही मिटते. माझ्या मते हे कारणच नव्हे. सन हा पुरावा आहे, पण एक घटना दुसरीच्या आधीच का घडली असणार, हे त्यातून कळत नाही.

नमुन्यादाखल एक कार्यपत्रिका घेऊ. वर आठ घटना विस्कळीत दिल्या आहेत: कोंढाण्याची लढाई, राज्याभिषेक, पुरंदरचा तह, अफजलखानाचा वध, लाल महालावरचा छापा, आग्र्याहून सुटका, पन्हाळ्याहून सुटका आणि सुरतेवरचा छापा. खाली आठ चौकटींची रेषा. पाचव्या चौकटीत ‘पुरंदरचा तह’ आधीच छापलेलं आहे आणि पहिल्या चौकटीखाली फक्त सन दिला आहे. फोटो घाईत काढलेला. त्या सनावर ट्यूबलाइटची चकाकी आली आहे, त्यामुळे तो १६५१ वाटतो की १६५९, हे कळत नाही. आणि ‘सुरतेवरचा’ या शब्दाच्या पुढे अंगठा आला आहे. ‘पहिला छापा’ की ‘दुसरा छापा’?

सुरुवात पहिल्या चौकटीपासून करायचा मोह टाळावा. जी घटना पक्की आहे ती खुंटी धरावी. इथे ती पुरंदर. मिर्झाराजे जयसिंगांबरोबरच्या जून १६६५ च्या या तहात महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले आणि १२ स्वतःकडे ठेवले. दिलेल्यांत कोंढाणा होता. तानाजी मालुसऱ्यांना तो लढून परत घ्यावा लागला तो याचमुळे. म्हणजे कोंढाणा पुरंदरच्या नंतर. इथे सन पाहायचीही गरज पडली नाही.

आग्र्याची भेट हे त्याच तहाचं पुढचं पाऊल. जयसिंगांच्या आग्रहावरून महाराज मे १६६६ मध्ये औरंगजेबाच्या दरबारात गेले आणि ऑगस्टमध्ये तिथून निसटले. मग आग्रा आणि कोंढाणा यांत आधी कोण? कोंढाणा घेणं म्हणजे तह मोडून मोगलांशी उघड युद्ध पुकारणं. ते पुकारल्यावर बादशहाच्या दरबारात कोण जाईल? म्हणून आग्रा सहावं, कोंढाणा सातवा. राज्याभिषेक आठवा. गमावलेले किल्ले पुन्हा हाती येऊन स्वराज्य सावरल्यावरचा हा सोहळा आहे. ६ जून १६७४.

आता अंगठ्याखालच्या शब्दाकडे येऊ. सुरतेवर महाराजांनी दोनदा छापा घातला: जानेवारी १६६४ मध्ये आणि ऑक्टोबर १६७० मध्ये. पहिला पुरंदरच्या आधी, दुसरा कोंढाण्यानंतर. कार्यपत्रिकेत कोणता अपेक्षित आहे, ते चौकटीच सांगतात. पुरंदरच्या डावीकडे चार जागा आहेत आणि उजवीकडे तीन. उजवीकडच्या तिन्ही आग्रा, कोंढाणा, राज्याभिषेक यांनी भरल्या. सुरतेला जागा उरते ती फक्त डावीकडे. म्हणून हा पहिलाच छापा. मात्र पाचव्या चौकटीत काही छापलेलं नसतं, तर हे ठरवता आलं नसतं. तेव्हा अंदाज न बांधता फोटो पुन्हा मागवणं हाच खरा मार्ग.

डावीकडची पहिली जागा अफजलखानाची. इथे तो चकाकीचा सनही सुटतो. खानाची भेट प्रतापगडाच्या पायथ्याशी झाली. प्रतापगड जावळीच्या मुलखात आहे आणि जावळी महाराजांनी घेतली १६५६ मध्ये, गड बांधला त्यानंतर. तेव्हा ही भेट १६५१ मध्ये होणं शक्यच नाही. आकडा १६५९ आहे. धूसर फोटोत १ आणि ९, तसेच ३ आणि ६ एकमेकांसारखे दिसतात. अशा वेळी डोळे ताणून बघण्यापेक्षा तो सन घटनेला पेलतो का, हे तपासावं.

खान मारला गेला १० नोव्हेंबरला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस महाराजांनी आदिलशहाचा पन्हाळा घेतला. पन्हाळा हाती आला म्हणून सिद्दी जौहरचा वेढा पडला, आणि वेढा पडला म्हणून जुलै १६६० ची ती सुटका. ही साखळी इतकी घट्ट आहे की दुसऱ्या चौकटीबद्दल शंका उरत नाही.

तिसऱ्या चौकटीपाशी मात्र हमखास गोंधळ होतो. महाराज पन्हाळ्यात अडकलेले असतानाच, मे १६६० मध्ये, शायिस्तेखान पुण्यात येऊन बसला होता. म्हणजे त्याचं येणं सुटकेच्या आधीचं आहे. पण आपल्याला विचारलं आहे ते लाल महालावरच्या छाप्याबद्दल, आणि तो पडला ५ एप्रिल १६६३ च्या रात्री. खानाचा मुक्काम जवळपास तीन वर्षांचा, छापा एका रात्रीचा. कार्यपत्रिकेत ‘शायिस्तेखानाची स्वारी’ असं मोघम लिहिलेलं असेल, तर तिला रेषेवरचा एक ठिपका पुरत नाही, पट्टी काढावी लागते. मुलाला हा फरक दिसला, तर त्याने तो कारणात जरूर लिहावा.

लाल महाल आणि सुरत यांचा क्रम लावताना मात्र मी सनाचाच आधार घेईन. खानाच्या फौजेने उजाड केलेल्या मुलखाची भरपाई म्हणून सुरत, हा संबंध खरा आहे, पण साखळी पन्हाळ्याइतकी घट्ट नाही. इथेच शकाचा घोळही होतो. दोन्ही घटना शके १५८५ मधल्याच. शकात ७८ मिळवून इसवी सन काढला, तर दोन्ही १६६३ येतात. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. छापा चैत्रातला, सुरत पौषातली, आणि तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या घटनांना ७९ मिळवायचे. सुरत मग १६६४ वर येते आणि चौथ्या चौकटीत बसते. या दोन छाप्यांनी चिडलेल्या औरंगजेबाने जयसिंगांना पाठवलं आणि आपण पुन्हा पुरंदरपाशी पोहोचतो. रेषा दोन्ही बाजूंनी जुळली.

वेळ असेल तर हीच रेषा वहीच्या आडव्या जोडपानावर ३० सेंटिमीटरची काढून बघा, एका वर्षाला दोन सेंटिमीटर. प्रतापगड आणि पन्हाळ्याची सुटका यांत जेमतेम सव्वा सेंटिमीटर पडतो, आग्रा आणि कोंढाणा यांत सात. सारख्या चौकटींनी झाकलेली ती साडेतीन वर्षं मोकळी दिसली, की मूल आपणहून विचारतं, या काळात काय चाललं होतं? मोगलांशी तेव्हा वरकरणी सलोखा होता आणि महाराज राज्याची घडी बसवत होते.

शिक्षकांना एक विनंती. एखाद्या मुलाने सुरत दुसऱ्या जागी टाकली, तर पन्हाळा आणि लाल महाल एकेक घर पुढे सरकतात आणि एका चुकीपायी तीन चौकटी चुकतात. गुण चौकट मोजून देऊ नका. पन्हाळ्याच्या आधी अफजलखान का, कोंढाण्याच्या आधी पुरंदर का, हे त्याने लिहिलं असेल तर त्याचे गुण त्याला मिळायला हवेत.