लहानपणीचं ऑपरेशन, तरुणपणीचे प्रश्न

साधारण अडीचशे-तीनशे मुलग्यांमागे एकाला जन्मतः लघवीचं छिद्र शिश्नाच्या टोकाला नसतं, खालच्या बाजूला असतं. याला हायपोस्पॅडियास म्हणतात. बहुतेकदा सहा ते अठरा महिन्यांच्या वयात ऑपरेशन करून लघवीची नळी पुढे टोकापर्यंत आणतात. मूल उभं राहून सरळ धारेनं लघवी करू लागलं की घरच्यांच्या लेखी विषय संपतो. पुढे मुलालाही कुणी काही सांगत नाही.

समजा, असा एक मुलगा आता सत्तावीस वर्षांचा आहे आणि त्याचं लग्न ठरलं आहे. त्याला तीन गोष्टी खटकतात. ताठरता आली की शिश्न खाली वाकतं, वीर्य वेगानं बाहेर न पडता ओघळतं, आणि पुढची त्वचा नसल्यानं ते सुंता केल्यासारखं दिसतं.

वाक लहानपणी काढलेला असला तरी वयात येताना अवयव झपाट्यानं वाढतो आणि ऑपरेशनचा व्रण त्या प्रमाणात ताणला जात नाही. त्यामुळे वाक पुन्हा दिसू शकतो. तो तीस अंशांच्या आत असेल आणि संबंधात अडचण येत नसेल, तर सहसा काही करावं लागत नाही. जास्त असेल तर वरच्या बाजूला टाके घेऊन सरळ करता येतो. लांबी थोडी कमी होते, हे आधी सांगायला हवं.

वीर्य ओघळण्याचं कारण वेगळं आहे. मूळ नळीभोवती स्पंजासारखी ऊती असते. नव्यानं बनवलेल्या भागाला ती नसते, म्हणून वीर्य तिथे रेंगाळतं. काही पुरुष बोटानं दाबून ते पुढे काढतात. हे ऑपरेशननं हमखास सुधारत नाही. मात्र लघवीची धारही बारीक झाली असेल, जोर करावा लागत असेल किंवा नंतर थेंब गळत असतील, तर नळी अरुंद झाली असण्याची शक्यता असते. धारेचा वेग मोजून आणि नळीत रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेवरून ते कळतं, आणि त्यावर उपचार आहेत.

मूल होण्याची काळजी बहुधा अनाठायी असते, कारण शुक्राणू वृषणात तयार होतात. दोष तीव्र असेल किंवा वृषण खाली उतरलेले नसतील, तर मात्र वीर्यतपासणी करून घ्यावी.

उरतं ते दिसणं. पुढची त्वचा बहुधा ऑपरेशनमध्येच वापरलेली किंवा काढलेली असते. छिद्राच्या जागेबद्दल जर्मनीतला १९९५ सालचा एक अभ्यास पाहण्यासारखा आहे. दुसऱ्याच तक्रारींसाठी आलेल्या ५०० पुरुषांपैकी जेमतेम ५५ टक्क्यांचं छिद्र अगदी टोकाला होतं, आणि १३ टक्क्यांना सौम्य-मध्यम हायपोस्पॅडियास होता. त्यातल्या बहुतेकांना त्याची कल्पनाही नव्हती.

म्हणून निव्वळ दिसण्यासाठी पुन्हा ऑपरेशन करताना सावध राहावं. व्रण झालेल्या जागी त्वचा अपुरी पडते, कधी गालाच्या आतलं अस्तर लावून दोन टप्प्यांत काम करावं लागतं, आणि नवं भगंदर होऊन लघवी दोन ठिकाणांहून येण्याचा धोका असतो. युरॉलॉजिस्टकडे जाताना जुने कागद न्यावेत. पहिल्या वेळी कुठली त्वचा वापरली होती यावरच पुढचा बेत ठरतो.