व्हीएक्सलॅन आणि त्याखालचे आयपी जाळे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रायगड जिल्ह्यातील पनवेल आणि ठाणे जिल्ह्यातील ऐरोली येथे मोठी डेटा सेंटर आहेत. उदाहरणादाखल, पनवेलच्या केंद्रातील 10.20.30.11 आणि ऐरोलीच्या केंद्रातील 10.20.30.12 हे दोन सर्व्हर एकाच लेअर टू विभागात, म्हणजे मध्ये राउटर नसल्याप्रमाणे, बोलावेत अशी गरज आहे असे मानू.

गैरसमज १ : त्यासाठी मधली जोडणीही लेअर टूचीच हवी.

वस्तुस्थिती : ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ७३४८ मधील पद्धतीनुसार, प्रत्येक टोकाचा व्हीटेप हा घटक सर्व्हरची इथरनेट फ्रेम व्हीएक्सलॅन, यूडीपी आणि आयपी शीर्षकांत गुंडाळून दुसऱ्या व्हीटेपकडे धाडतो आणि तेथे ती उलगडली जाते. फ्रेम कोणत्या विभागाची, हे २४ बिटांच्या क्रमांकावरून ठरते. मधल्या राउटरांना केवळ व्हीटेपचे पत्ते दिसतात, त्यामुळे अंडरलेने, म्हणजे खालच्या वाहक आयपी जाळ्याने, सर्व्हरचे मॅक पत्ते जाणण्याची गरज नसते.

गैरसमज २ : व्हीटेपमध्ये पिंग पोहोचले की अंडरले पुरेसा आहे.

वस्तुस्थिती : सर्व्हरच्या १५०० बाइटांच्या आयपी पॅकेटवर आतील इथरनेटचे १४, व्हीएक्सलॅनचे ८, यूडीपीचे ८ आणि बाहेरील आयपीव्ही४चे २० बाइट चढतात, म्हणून अंडरलेच्या मार्गातील प्रत्येक जोडणीचा एमटीयू, म्हणजे एका वेळी नेता येणाऱ्या आयपी पॅकेटची कमाल लांबी, निदान १५५० असावा लागतो. व्हीटेपने अशा पॅकेटचे तुकडे करू नयेत असे आरएफसी सांगते, आणि मार्गातील राउटरने मोठे पॅकेट टाकून दिल्यास त्याची सूचना सर्व्हरला नव्हे तर व्हीटेपला जाते. परिणामी साधे पिंग आणि लॉगिन चालते, पण मोठी फाइल पाठवताना संवाद गोठतो. लिनक्स व्हीटेपवरून पलीकडील व्हीटेपच्या पत्त्याकडे पुढील चाचणी करता येते :

```
ping -M do -s 1522 <VTEP-IP>
```

१५२२ मध्ये आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० मिळून १५५० होतात. तुकडे करण्यास मनाई असल्याने उत्तर न आल्यास, आणि साध्या पिंगला मात्र येत असल्यास, संशय प्रथम एमटीयूवर घ्यावा.

गैरसमज ३ : अंडरलेत मल्टिकास्ट अपरिहार्य आहे.

वस्तुस्थिती : मूळ आराखड्यात एआरपीसारख्या सर्वांना उद्देशून असलेल्या फ्रेम मल्टिकास्टने नेल्या जात, परंतु व्हीटेप स्वतःच प्रत्येक दूरस्थ व्हीटेपला वेगळी प्रत पाठवू शकतो, आणि ईव्हीपीएन वापरल्यास कोणता मॅक पत्ता कोणामागे आहे हे बीजीपीद्वारे आधीच कळवले जाते. मात्र या दोन्ही मार्गांनी ब्रॉडकास्ट संपत नाही, त्यामुळे पनवेलमध्ये सर्व्हरांच्या बाजूला वळसा, म्हणजे लूप, पडल्यास उसळलेल्या फ्रेम ऐरोलीपर्यंत पोहोचू शकतात, आणि त्यांवर मर्यादा व्हीटेपवरच घालावी लागते.