पाच ग्रॅम हिमोग्लोबिनवर चालणारी बाई

हिमोग्लोबिन 5, तळहात पांढरेफटक, आणि तरीही बाई स्वतःच्या पायांनी ओपीडीत आलेली. तक्रार एवढीच, की जिना चढताना धाप लागते. अपघातात एवढं रक्त तासाभरात गेलं असतं तर जीव वाचणं कठीण होतं. पण पाळीतला जास्तीचा रक्तस्राव कित्येक महिने चालू असेल, तर शरीराला सावरायला वेळ मिळतो. गेलेल्या तांबड्या पेशींची जागा पाण्यासारखा रक्तद्रव भरून काढतो.

हिशेब मांडून पाहू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. हिमोग्लोबिन 14 असताना हृदय मिनिटाला 5 लिटर रक्त फेकतं, म्हणजे 940 मिलिलिटरच्या आसपास ऑक्सिजन पोचतो. निवांत बसलेल्या शरीराला 250 पुरतो. हिमोग्लोबिन 5 वर आलं की तेवढ्याच रक्तातून जेमतेम 335 मिळतो. एवढ्यावर बसून राहता येईल, भारा उचलता येणार नाही.

म्हणून पहिली सोय तांबड्या पेशीच्या आतच होते. तिथे डीपीजी नावाचा पदार्थ वाढतो आणि हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल करतो. फुप्फुसात ऑक्सिजन मुबलक असल्याने तिथे भरताना फारसं अडत नाही, पण स्नायूंपाशी तो लवकर सुटतो. वैद्यकाच्या पुस्तकात यालाच आलेख उजवीकडे सरकणं म्हणतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर मात्र या बाईलाही 98 टक्के दाखवतो. आहे ते हिमोग्लोबिन किती भरलंय एवढंच त्याला कळतं, ते मुळात किती कमी आहे हे नाही!

हिमोग्लोबिन साधारण 7 च्या खाली गेलं की हृदय बसल्याजागीही जास्त काम करू लागतं. रक्त पातळ झालेलं, रक्तवाहिन्या सैलावलेल्या, त्यामुळे ते झरझर वाहतं. मिनिटाला 8 लिटर फेकलं गेलं तर ऑक्सिजन पुन्हा 530 च्या वर जातो. छातीतली धडधड आणि स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारी सुळसुळ त्याचीच.

तिसरी धडपड मूत्रपिंडाची. ऑक्सिजन कमी पडतोय हे ओळखून ते एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कित्येक पटींनी वाढवतं आणि अस्थिमज्जेला पेशी बनवायला लावतं. पण लोहच नसेल तर मज्जा काय करणार? पेशी निघतात त्या लहान आणि फिकट. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की आठवड्याभरात कोवळ्या तांबड्या पेशी रक्तात वाढलेल्या दिसतात. मूत्रपिंडच निकामी असेल तर हे संप्रेरकही पुरेसं बनत नाही, मग ते इंजेक्शनने द्यावं लागतं.

अशा बाईला रक्त चढवायची वेळ आली तर नातेवाइकांना घाई असते, डॉक्टरांना नसते. तिच्या शरीरात पातळ का होईना, रक्ताचं एकूण प्रमाण पुरेसं आहे आणि हृदय आधीच ताणलेलं. भरभर पिशव्या चढवल्या तर फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून एका वेळी एकच पिशवी, तीही तीन-चार तासांत, गरज पडल्यास लघवी वाढवणाऱ्या इंजेक्शनसह. आणि तेवढा वेळ नर्स मधूनमधून नाडी, श्वास आणि मानेच्या फुगलेल्या शिरा पाहत राहते.