नदीतला ऑक्सिजन आणि आयोडीनचा हिशेब

नदीच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन म्हणजे पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन नव्हे. तो हायड्रोजनशी पक्का बांधलेला असतो आणि माशांना त्याचा श्वासासाठी काही उपयोग नसतो. मासे कल्ल्यांतून घेतात तो O₂ हवेतून पाण्यात मिसळलेला असतो, किंवा शेवाळाने आणि पाणवनस्पतींनी उजेडात सोडलेला असतो. त्याचे प्रमाण फार थोडे असते. समुद्रसपाटीला 25 अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात हवेतून साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्यामुळे मुठेच्या पाण्यासाठी ही मर्यादा त्याच तापमानाला 7.7 च्या आसपास येते. नदीत आंघोळ करण्याजोगे पाणी ठरायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे लिटरला किमान 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. याचा अर्थ, चांगले पाणी आणि बिघडलेले पाणी यांच्यातला सगळा फरक दोन-तीन मिलिग्रॅमच्या पट्ट्यात असतो.

मोजणीतली खरी अडचण हवेची आहे. एक लिटर हवेत सुमारे 270 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. 300 मिलिलिटरची नमुन्याची बाटली घेतली आणि तिच्यातल्या पाण्यात लिटरला 2 मिलिग्रॅम ऑक्सिजन असला, तर बाटलीत तो एकूण 0.6 मिलिग्रॅम भरतो. त्या बाटलीत एक मिलिलिटरचा बुडबुडा अडकला तर तो एकटाच 0.27 मिलिग्रॅम ऑक्सिजन घेऊन येतो, म्हणजे पाण्यात होता त्याच्या जवळजवळ निम्मा. बुडापेस्टचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी 1888 मध्ये यावर उपाय सुचवला. ऑक्सिजन वायूच्या रूपात बाहेर काढायचाच नाही. तो जिथे आहे तिथेच, बंद बाटलीत, एका घन पदार्थात अडकवायचा आणि मग हवेची भीती न बाळगता सावकाश मोजायचा. थोड्याफार सुधारणांसह हीच पद्धत आजही वापरात आहे.

नमुना घेण्यापासून काळजी सुरू होते. बादलीतून बाटलीत पाणी ओतले की ते हवेतून कोसळते आणि वाटेतच ऑक्सिजन उचलते. म्हणून नळी बाटलीच्या तळापर्यंत नेऊन पाणी खालून वर भरतात आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वरून वाहून जाऊ देतात, म्हणजे आधी हवेला लागलेले पाणी निघून जाते. काचेच्या बुचाचे टोक निमुळते असते. ते बसवताना जास्तीचे पाणी बाहेर पडते आणि आत बुडबुडा राहत नाही. ही सगळी काळजी नदीकाठीच घ्यायची असते. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत पाण्यातले जिवाणू ऑक्सिजन खात राहतात, त्यामुळे पुढच्या पायऱ्यांपैकी पहिल्या दोन काठावरच उरकतात.

बूच काढून पिपेटचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली धरतात आणि 2 मिलिलिटर मँगनीज सल्फेट सोडतात. त्यापाठोपाठ 2 मिलिलिटर दुसरे द्रावण: त्यात तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड, आयोडाइड आणि थोडे सोडियम अझाइड असते. हायड्रॉक्साइडमुळे मँगनीजचा पांढरा अवक्षेप तयार होतो:

Mn²⁺ + 2OH⁻ → Mn(OH)₂

नुसत्या मँगनीज सल्फेटचे द्रावण ऑक्सिजनला सहसा दाद देत नाही. पण पाणी तीव्र आम्लारीधर्मी झाले की हाच मँगनीज ऑक्सिजनसाठी हपापतो. बूच लावून बाटली उलटसुलट केली की पांढरा अवक्षेप पाण्यातल्या ऑक्सिजनशी भिडतो आणि तपकिरी होत जातो:

2Mn(OH)₂ + O₂ → 2MnO(OH)₂

इथे मँगनीजच्या प्रत्येक अणूने दोन इलेक्ट्रॉन दिले. O₂ च्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून समीकरणात मँगनीज दोन आहेत. सगळा ऑक्सिजन आता गढूळ तपकिरी साक्यात अडकला. रंगावरून पहिला अंदाजही येतो. अवक्षेप गडद तपकिरी असेल तर ऑक्सिजन भरपूर. पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही, आणि सांडपाणी साचलेल्या डोहात असे दिसू शकते. साका अर्ध्या बाटलीपर्यंत बसला की ती पुन्हा उलटीपालटी करतात. या दुसऱ्या वेळेचा कंटाळा करू नये, कारण वरच्या नितळ पाण्यात राहून गेलेला ऑक्सिजन तेव्हाच साक्याला भेटतो.

साका बसल्यावर 2 मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल बाटलीत सोडतात आणि इथे सगळे चित्र उलटते. आम्लधर्मी पाण्यात चौथ्या अवस्थेतला मँगनीज टिकत नाही. तो आपले इलेक्ट्रॉन परत मागतो आणि ते शेजारच्या आयोडाइडकडून घेतो:

MnO(OH)₂ + 2I⁻ + 4H⁺ → Mn²⁺ + I₂ + 3H₂O

साका विरघळतो आणि पाणी आयोडीनमुळे पिवळे ते लालसर तपकिरी दिसते. आयोडाइड पहिल्यापासूनच बाटलीत होते, पण आम्लारीत ते गप्प बसले होते. आयोडाइड जास्त असल्यामुळे तयार झालेले आयोडीन त्याच्याशी जोडून I₃⁻ बनते, म्हणून ते सहजासहजी वाफ होऊन उडत नाही. आम्ल घातल्यावर मँगनीज पुन्हा हवेतल्या ऑक्सिजनला दाद देत नाही, त्यामुळे आता बूच उघडून पाणी शंकुपात्रात ओतता येते. आम्लधर्मी आयोडाइड मात्र प्रखर उजेडात हवेमुळे हळूहळू आयोडीन सोडते, म्हणून बाटल्या अंधारात ठेवून काही तासांतच अनुमापन करतात. आम्ल घातल्यावरही तपकिरी कण उरले असतील तर आम्ल कमी पडले किंवा बाटली नीट हलवली नाही, असे समजावे.

आता आयोडीन मोजायचे. त्यासाठी ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेट सोडतात:

I₂ + 2S₂O₃²⁻ → 2I⁻ + S₄O₆²⁻

हिशेब इथे पूर्ण होतो. O₂ चा एक रेणू, मँगनीजचे दोन अणू, आयोडीनचे दोन रेणू आणि थायोसल्फेटचे चार आयन: चार इलेक्ट्रॉनांची ही उसनवारी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, पण रक्कम बदलली नाही. म्हणून ब्युरेटमधून किती थायोसल्फेट उतरले ते पाहून मुळात किती ऑक्सिजन होता ते सांगता येते.

थायोसल्फेट पडू लागले की पिवळा रंग फिका होत जातो. तो अगदी गवती पिवळा झाला की स्टार्चचे काही थेंब घालतात आणि द्रावण निळे होते. स्टार्च सुरुवातीलाच घातला तर भरपूर आयोडीन त्याच्या वेटोळ्यांत अडकून बसते, सावकाश सुटते आणि अंतिम बिंदू घसरतो. ताज्या स्टार्चचा निळा रंग शेवटच्या एका थेंबात जातो. रंग निळ्याऐवजी लालसर जांभळा आला तर स्टार्च जुना, कुजलेला आहे. तो टाकून नवा करावा.

आकडेमोड सोपी राहावी म्हणून थायोसल्फेटची तीव्रता मुद्दाम लिटरला 0.025 मोल ठेवतात. त्याच्या एका मिलिलिटरचा मेळ 0.2 मिलिग्रॅम ऑक्सिजनशी बसतो. अनुमापनाला 200 मिलिलिटर मूळ पाणी घेतले तर ब्युरेटवरचा प्रत्येक मिलिलिटर थेट लिटरला 1 मिलिग्रॅम ऑक्सिजन दाखवतो. पण 300 मिलिलिटरच्या बाटलीत पहिल्या दोन द्रावणांनी मिळून 4 मिलिलिटर नमुना बाहेर ढकललेला असतो. म्हणून 200 ला 300 ने गुणून 296 ने भागतात आणि सुमारे 203 मिलिलिटर घेतात. आम्लामुळे बाहेर गेलेल्या 2 मिलिलिटरचा हिशेब करावा लागत नाही, कारण तेव्हा ऑक्सिजन तळाच्या साक्यात असतो आणि बाहेर जाते ते वरचे नितळ पाणी.

आता मुठेच्या एखाद्या नमुन्याचा हिशेब मांडून पाहू. 203 मिलिलिटरला 5.1 मिलिलिटर थायोसल्फेट लागले असे समजू. वरवर पाहता उत्तर 5.1, म्हणजे आंघोळीच्या निकषात पास. पण थायोसल्फेटचे द्रावण ठेवून ठेवून हलके होते. जिवाणू आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड ते बिघडवतात. म्हणून शुद्ध पोटॅशियम डायक्रोमेटच्या मोजक्या वजनाने आयोडाइडमधून ठरावीक आयोडीन मुक्त करून थायोसल्फेट तपासतात. समजा त्या तपासणीत त्याची तीव्रता 0.025 ऐवजी 0.0243 निघाली. तर 5.1 ला 0.0243 ने गुणून 0.025 ने भागायचे, आणि उत्तर येते 4.96. नमुना नापास. पाणी तेच, ब्युरेटवरचा आकडाही तोच. फक्त बाटलीवर पूर्वी लिहिलेली तीव्रता तशीच धरली असती, तर निकाल उलटा लागला असता.

शहराखालच्या नदीत सर्वात जास्त त्रास देते ते नायट्राइट, सांडपाण्यातल्या अमोनियापासून जिवाणूंनी केलेले. आम्लात नायट्राइट स्वतःच आयोडाइडमधून आयोडीन सोडवते आणि नायट्रिक ऑक्साइड बनते. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन पुन्हा नायट्राइट होते, आणि हे चक्र थांबत नाही. मूठभर नायट्राइट ढीगभर आयोडीन सोडू शकते. याची खूण ओळखायला सोपी आहे: निळा रंग गेला म्हणून ब्युरेट बंद करावा, तर काही सेकंदांत तो परत येतो. म्हणूनच दुसऱ्या द्रावणात अझाइड घातलेले असते. आम्ल पडताच ते नायट्राइटशी अभिक्रिया करून नायट्रोजन आणि नायट्रस ऑक्साइड हे निरुपद्रवी वायू देते. अझाइड स्वतः मात्र विषारी आहे, आणि शिसे किंवा तांब्याच्या नळांत साचून स्फोटक संयुगे बनवते. ते सिंकमध्ये ओतू नये.

फेरिक लोहही आयोडीन सोडते. त्याला आम्ल घालण्याआधी पोटॅशियम फ्लोराइडने बांधून ठेवतात. पाण्यात उरलेला क्लोरीनही आकडा फुगवतो. उलट सल्फाइड आणि काही सेंद्रिय पदार्थ तयार झालेले आयोडीन खाऊन टाकतात आणि ऑक्सिजन कमी दाखवतात. त्यामुळे कारखान्याच्या गडद सांडपाण्यात ही पद्धत भरवशाची नाही. तिथे रंगाचा शेवट दिसतही नाही. अशा ठिकाणी पडद्याचे किंवा प्रकाशीय प्रोब पाण्यात सोडून आकडा वाचतात. असा प्रोब तासातासाला नोंद घेऊ शकतो, आणि नदीत दुपारी वाढणारा व पहाटे घसरणारा ऑक्सिजन पाहायचा तर त्याला पर्याय नाही. पण प्रोबचा आकडा बरोबर आहे का हे तपासायचे तर स्वच्छ पाण्याचा नमुना बाटलीत भरून त्याच्या शेजारी विंकलरचे अनुमापन करतात, आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत तर आधी प्रोबच दुरुस्त करतात.