मीठ धरून ठेवणारी इवलीशी गोळी

१९४० साली बाल्टिमोरच्या विल्किन्स आणि रिक्टर या संशोधकांनी साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली. हा मुलगा बिस्किटांवरचं मीठ चाटून खायचा आणि ‘मीठ’ हा शब्द तो अगदी सुरुवातीलाच बोलायला शिकला होता. रुग्णालयात नेहमीचा आहार सुरू झाला, मीठ हाताशी राहिलं नाही आणि आठवड्याभरात तो दगावला. त्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी बिघडलेल्या होत्या. लघवीवाटे निसटणारं मीठ तो स्वतःच भरून काढत होता, हे नंतर उमगलं.

मूत्रपिंडांवरच्या या ग्रंथी अल्डोस्टेरॉन बनवतात. ते मूत्रपिंडाला मीठ राखायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावतं. अ‍ॅडिसनच्या आजारात ते बनतच नाही. त्याची गोळी द्यावी, तर यकृत ते झटपट मोडून टाकतं. तोडगा निघाला १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला. स्क्विब कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ फ्रीड आणि साबो यांनी कॉर्टिसॉलच्या नवव्या कार्बनवर एकेक हॅलोजन अणू बसवून पाहिला. अणू जितका लहान, तितकं औषध जोरकस निघालं! सगळ्यात लहान फ्लोरिन बसवल्यावर फ्ल्युड्रोकॉर्टिझोन तयार झालं.

ग्रॅमचा दहाहजारावा भाग

दिवसाला ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी किंवा एक गोळी, ही मोठ्यांची नेहमीची सुरुवात. पुढे बहुतेकांचं ०.२ पर्यंत भागतं. तान्ह्या बाळांना मात्र वजनाच्या मानाने जास्त लागतं, शिवाय वरून मीठही द्यावं लागतं. आणि दोष पिट्युटरी ग्रंथीचा असेल, तर ही गोळी सहसा लागतच नाही. अल्डोस्टेरॉनची सूत्रं रेनिनच्या हाती असतात आणि ती साखळी शाबूत असते.

नागपूरचा मे महिना

समजा, गोळीवर नीट चाललेले एक गृहस्थ मे महिन्यात उन्हात काम करतात. रोज एक गोळी घेतात, पण उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि लोणच्याची बरणी खुणावते. बसून रक्तदाब १०८/७०, तीन मिनिटं उभं राहिल्यावर ८६/६०. सोडियम १३२, पोटॅशियम ५.४ आणि रेनिन चढलेलं. सगळे पुरावे एकाच दिशेचे आहेत: घामावाटे मीठ गेलं, ते राखायला गोळी कमी पडतेय. डॉक्टर आहारातलं मीठ वाढवतात, गोळी दीड करतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. उभ्याचा दाब १०४, पोटॅशियम ४.३. जमलं!

आता तेच गृहस्थ डिसेंबरात येतात. घाम नाही, गोळी मात्र दीडच. घोटे सुजलेत, दाब १५०/९२, पोटॅशियम ३.४ आणि रेनिन तळाला. आता गोळी कमी करायची. तरीही दाब उतरला नाही, तर दाबाचं औषध जोडतात. फ्ल्युड्रोकॉर्टिझोन बंद करत नाहीत.

रेनिन थोडं वरच बरं

रेनिन म्हणजे मूत्रपिंडाची ‘मीठ कमी पडतंय’ अशी तक्रार. ती पूर्ण गप्प झाली, तर डोस जास्त झालाय. म्हणून रेनिन नेहमीच्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात असलेलं चांगलं. पण एकट्या रेनिनवर विसंबू नये. ते उभं राहिल्यावर वाढतं, रक्तदाबाच्या काही औषधांनी बदलतं आणि गरोदरपणात आपसूकच चढतं. गरोदर स्त्रीसाठी दाब, सोडियम आणि पोटॅशियम हेच खरे मार्गदर्शक.

स्वयंपाकघरातले तीन सापळे

‘लो सोडियम’ मिठात सोडियमची जागा पोटॅशियम घेतं. या आजारात ते धोक्याचं. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं असतं, त्यामुळे उन्हाळ्यात मीठ घातलेलं ताक सरस. तिसरं ज्येष्ठमध. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल निकामी करणारं एक एन्झाइम असतं. ज्येष्ठमध त्यालाच अडवतं. मग या आजारात रोज घ्यावं लागणारं हायड्रोकॉर्टिझोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉलच, तेही मीठ राखू लागतं, दाब चढतो आणि पोटॅशियम घसरतं. घशासाठी ज्येष्ठमधाची कांडी रोज चघळत असाल, तर डॉक्टरांना जरूर सांगा.

हायड्रोकॉर्टिझोनचं हे मीठ राखणं कधी उपयोगीही पडतं. २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिझोन याबाबतीत साधारण ०.०५ मिलिग्रॅम फ्ल्युड्रोकॉर्टिझोनइतकं काम करतं. म्हणून शस्त्रक्रियेत किंवा संकटात हायड्रोकॉर्टिझोनचा डोस मोठा असेपर्यंत ही गोळी वेगळी द्यावी लागत नाही. डेक्सामेथासोन दिलं, तर हा आधार मिळत नाही, कारण ते मीठ जवळजवळ राखतच नाही.

पुढच्या तपासणीला जाताना बसून आणि उभं राहून घेतलेल्या रक्तदाबाचे आकडे लिहून न्या. मीठ खावंसं वाटतंय का, घोटे सुजताहेत का, हेही सांगा. आणि बरं वाटतंय म्हणून किंवा दाब वाढला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका.